बंगईच्या चार कड्या आणि किसनरावांचे कान

‘तुमच्या डोक्यावरच्या छताचं वजन किती असंल, सर?’ किसनराव पिंपळशेंडे यांनी मला पहिल्याच भेटीत विचारले. वणीतल्या त्या घरात मी अकरा वर्षे राहत होतो. भिंतींना कोणता रंग दिला, फरशीला किती खर्च आला, खिडकीतून कोणत्या महिन्यात ऊन आत येते, हे सगळे मला ठाऊक होते. ज्याच्याखाली मी रोज निजत होतो त्या वस्तूचा विचार मात्र मी कधी केलेला नव्हता. किसनरावांनी खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि म्हणाले, ‘बारा बाय चौदा. पाच इंची स्लॅब. पाच टन धरा.’ मग, मला धीर द्यावा तसे, ते पुढे म्हणाले, ‘खाणीतलं छत कोणालेच तोलता येत नाही. घरातलं तोलता येते, पण कोणी तोलत नाही.’

ते माझ्याकडे आले होते ते फक्त विजेसाठी. त्यांचे काम शेजारी, सुनीतीताईंच्या घरी होते. त्या घराचा मेन स्विच बंद करूनच ते छताला भोक पाडणार होते, कारण पंख्यापर्यंत जाणारी तारेची नळी स्लॅबच्या आत कुठून फिरली आहे हे बांधणाऱ्यालाही नंतर आठवत नाही. म्हणून ड्रिलसाठी लागणारी वीज शेजारच्या घरातून घ्यायची, ही त्यांची रीत होती. माझ्या बैठकीतल्या प्लगमध्ये त्यांनी लांब वायर जोडली, ती गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे नेली, आणि त्या वायरीमागोमाग मीही गेलो. तो रविवार होता, १३ मार्च २०२२.

किसनराव तेव्हा पासष्टीचे होते. वणीजवळच्या राजूरच्या भूमिगत कोळसा खाणीत त्यांनी एकोणतीस वर्षे काढली होती, आणि त्यांतली बावीस वर्षे छताला बोल्ट मारण्यात. कोळसा काढून झालेल्या बोगद्याचे छत हे खडकाच्या थरांचे असते. एक थर दुसऱ्यापासून सुटू नये म्हणून त्यात वर खोल भोक पाडायचे, भिजवलेल्या सिमेंटच्या कांड्या त्यात सारायच्या आणि मग लोखंडी बोल्ट ठोकायचा. अर्ध्या तासाने तो बोल्ट तीन टन पेलतो, दोन तासांनी पाच. निवृत्तीनंतर त्यांनी एक दणकट हॅमर ड्रिल विकत घेतले आणि वणी, राजूर, मारेगाव या टापूत घरोघरी बंगईच्या, म्हणजे घरातल्या झोपाळ्याच्या, कड्या बसवून देऊ लागले. लोक त्यांना ‘हूकवाले किसनभाऊ’ म्हणत. दोन्ही कामांतला फरक त्यांनी मला एका वाक्यात सांगितला होता: ‘तथी बोल्ट छताले धरून ठेवते, अथी छत बोल्टाले.’

खाणीची एक सवय त्यांनी घरांतही आणली होती. बोल्ट मारण्याआधी छत वाजवून पाहायचे. उजव्या हातातल्या लोखंडी सळईने ठोकायचे आणि डाव्या हाताची बोटे छताला टेकवायची. घट्ट छत खणखणीत बोलते आणि बोटांना काही जाणवत नाही. पोकळ छत भद्द आवाज करते आणि बोटांखाली थरथरते. खाणीत हे चालू असताना कोणी खोकतसुद्धा नसे.

मात्र ज्या खाणीने त्यांना हे कौशल्य दिले तिनेच ते हळूहळू परतही घेतले होते. बावीस वर्षे बंद बोगद्यात कानाशी ड्रिल चालल्यामुळे त्यांच्या कानांतले बारीक फरक पुसले गेले. शब्द कळत, दाराची कडी कळे. ठणठण आणि भद्द यांच्यातले अंतर कळत नसे. त्याच थरथरीने बोटांची टोके बधिर केली होती. हे फक्त त्यांच्या पत्नीला, कांताबाईंना, माहीत होते. म्हणून पाच वर्षांपासून त्या प्रत्येक कामावर त्यांच्याबरोबर जात. स्कूटरवर मागे बसून, मांडीवर ड्रिलची पेटी धरून. विचारणाऱ्याला सांगत, ‘शिडी धराले कोणी लागते ना.’

शिडी त्या धरतच. परंतु खरे काम ऐकण्याचे होते. किसनराव छत वाजवू लागले की त्या खाली मान घालून ऐकत. आवाज घट्ट असेल तर गप्प राहत. पोकळ असेल तर सहज आठवल्यासारखे विचारत, ‘अवो, घरचा गॅस बंद केलता का?’ किसनराव ‘पाह्यतो’ असे काहीसे पुटपुटून शिडीवरून उतरत, विचार केल्यासारखे करत आणि दुसरी जागा धरत. गिऱ्हाईक कांताबाईंच्या विसरभोळेपणाला हसे. पाच वर्षांत त्या गॅसने कित्येक छते वाचवली होती. हा सगळा प्रकार मला अर्थातच नंतर कळला. त्या रविवारी सकाळी मीही हसणाऱ्यांपैकीच होतो.

सुनीतीताईंच्या घरी बंगई का हवी होती हे सांगणे आवश्यक आहे. त्यांचे पती यज्ञेश्वरराव भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले. नेर या गावी त्यांचे घर होते आणि त्या घरात सागाची, पितळी साखळ्यांची बंगई होती. चार वर्षांपूर्वी त्यांची स्मृती जाऊ लागली. एकटीने सांभाळणे जमेना, म्हणून सुनीतीताई त्यांना घेऊन वणीला, आपल्या माहेरच्या गावात, या एकमजली घरात आल्या. सामान आले, बंगईही आली, पण छताला तिच्यासाठी काहीच नव्हते. बंगईचा पाट बैठकीत जमिनीवरच ठेवला गेला.

यज्ञेश्वरराव त्या पाटावर जाऊन बसत. पायाच्या अंगठ्यांनी फरशीला रेटा देत. पाट हलत नसे. ते पुन्हा रेटा देत. मग मान वर करून छताकडे पाहत राहत. जेवणाचे ताट समोर आले तरी मान खाली येत नसे. नेरला ते नेहमी बंगईवर बसूनच जेवत. त्या लयीशिवाय घास उचलायचा असतो हे त्यांच्या शरीराला आता आठवत नव्हते. इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यांचे वजन नऊ किलोंनी उतरले होते. लोखंडी स्टँडचा झुला आणून पाहिला. त्यावर ते बसलेच नाहीत. मग गावातल्या एका मेकॅनिकने छताला हूक लावून बंगई टांगून दिली. दुसऱ्याच दिवशी सुनीतीताईंना पाटावर राखाडी भुकटी दिसली. वर पाहिले तर एक हूक बोटभर खाली आलेला. त्यांनी शेजारपाजारच्यांना हाक मारून बंगई उतरवली. पुण्याहून त्यांच्या मुलाने, क्षितिजने, फोनवर सांगितले, ‘आई, आता हा नाद सोड. एक प्रयत्न अजून कर हवं तर, नाही तर बाबांना इथल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. निदान नळीने का होईना, पोटात जाईल.’

तो अजून एक प्रयत्न म्हणजे किसनराव.

त्यांनी प्रथम जुन्या हुकाच्या भोकात खिळा घालून खोली मोजली. ‘दोन इंच भोक. त्यातलं दीड इंच नुसतं प्लास्टर,’ ते म्हणाले. ‘छत वाकडं झालं असंल, मंग मिस्त्रीनं प्लास्टर जाड करून सारखं केलं. हुकाचा फास्टनर भोकात फुगून धरते. तो प्लास्टरमंदीच फुगला, ताई. स्लॅबाले त्याची ओळखच झाली नाही.’

‘मग तुम्ही मोठा फास्टनर लावणार?’ सुनीतीताईंनी विचारले.

‘वर गच्ची मोकळी हाये ना, मंग फास्टनर कायले? आरपार जाऊ. खालून कडीचा दांडा, वर लोखंडी प्लेट, प्लेटीवर दोन नट. स्लॅब फुटल्याशिवाय कडी खाली येणार नाही.’ त्यांनी पिशवीतून कडी काढून दाखवली. सोळा मिलिमीटर जाडीचा दांडा, वरच्या टोकाला आटे, खालचे टोक पूर्ण बंद. ‘उघडा हूक झुल्याले लावू नये. झोका मोठा गेला का साखळी उडून भाईर येते. कडी बंदच पाह्यजे.’

सुनीतीताईंनी आधीच छतावर पेन्सिलने चार फुल्या मारून घेतल्या होत्या. खिडकीच्या बरोबर समोर. नेरला बंगईसमोर खिडकी होती आणि तिथून रस्ता दिसे. ‘एवढंच माझं मागणं आहे, किसनभाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना खिडकी समोरच लागते.’

यज्ञेश्वरराव तेव्हा भिंतीशी सरकवलेल्या पाटावर बसले होते आणि पायांनी फरशी रेटत होते. किसनरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, ‘साहेब, आज झुलता तुमी. माहा शब्द.’

कांताबाईंनी नवऱ्याकडे चमकून पाहिले. एवढ्या वर्षांत छत वाजवण्याआधी त्यांनी कोणाला शब्द दिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

पहिल्या तीन फुल्यांखाली कांताबाई गप्प राहिल्या. चौथ्या, खिडकीलगतच्या फुलीवर किसनरावांनी सळई ठोकली, बोटे टेकवली, पुन्हा ठोकली.

‘अवो,’ खालून आवाज आला, ‘घरचा गॅस बंद केलता का?’

किसनराव थांबले. उतरले मात्र नाहीत. ‘केलता.’

‘मले नाही वाटत केलता.’

‘केलता म्हणलं ना, कांता.’

सुनीतीताई काळजीने पुढे आल्या. ‘अहो, शंका असेल तर शेजारी फोन करून विचारा ना. माझा फोन घ्या. गॅसच्या बाबतीत हयगय नको.’

‘फोन नोको ताई,’ किसनराव वरून म्हणाले. ‘इले रोजच वाटते असं.’

‘रोज वाटते, अन् रोज खरं निंगते,’ कांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शिडीवरचा हात घट्ट झाला होता. ‘अजून एकडाव वाजवून पाहा.’

किसनरावांनी वाजवले. मलाही काही वेगळे ऐकू आले असे मी म्हणणार नाही. ‘प्लास्टर सुटलं असंल,’ ते बायकोकडे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले. पण कमी ऐकणाऱ्या माणसाचा खाली आणलेला आवाजही सगळ्यांना ऐकू जातो. ‘दीड इंच थर हाये. वरवरचं बोलून राह्यलं. स्लॅबाले काही नाही झालं.’

‘प्लास्टर पापडासारखं बोलते,’ कांताबाई म्हणाल्या. ‘हे मडक्यासारखं बोलून राह्यलं.’

‘तुले काय समजते त्यातलं? खाणीत कोण होतं, तू का मी?’

पाटावरून पाय घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. सुनीतीताई एकदा शिडीच्या वर आणि एकदा शिडीच्या खाली पाहत होत्या. आपण गॅसविषयी बोलत नाही आहोत हे त्यांच्या ध्यानात आले होते.

कांताबाईंनी शिडीवरचा हात काढला नाही. ‘मंग पाडा भोक,’ त्या म्हणाल्या. ‘बारीक पाडा पह्यले.’

किसनरावांनी सहा मिलिमीटरचा बिट लावला. ड्रिलच्या तोंडावर त्यांनी लहान मुलांच्या रबरी चेंडूची अर्धी वाटी अडकवलेली असे, म्हणजे भुकटी डोळ्यांत न पडता तिच्यात जमते. ती भुकटी ते वाचत. प्लास्टरची भुकटी फिकी आणि रेतीची असते. काँक्रीटची गडद, तिच्यात काळ्या गिट्टीचे, म्हणजे खडीचे, कण. ड्रिल सुरू झाले. आधी फिकी भुकटी आली, मग गडद. बिट गिट्टीवर अडला, खडखडला, पुन्हा धीराने पुढे सरकला. किसनरावांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान आले. आणि तेवढ्यात, तीन इंचांच्या आसपास, ड्रिल एकाएकी त्यांच्या हातातून वर गेले. बिट मुठीपर्यंत आत घुसला. वाटीत भुकटी पडायची थांबली.

त्यांनी ड्रिल बंद केले. बिट बाहेर काढला, बारीक तार घेतली, टोक वाकवून भोकात घातली आणि आतल्या आत फिरवली. तार फिरत होती. काँक्रीट ओतताना ते नीट दाबले गेले नाही की गिट्टीच्या मध्ये मोकळी जागा राहते, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. तिथे मोठे भोक पाडून, वरून प्लेट कसून, दोन माणसे रोज झुलली असती तर ती जागा किती दिवस टिकली असती हे सांगणे अवघड आहे. यज्ञेश्वररावांना त्या कडीखालीच बसायचे होते.

किसनराव एक-एक पायरी उतरले. ड्रिल फरशीवर ठेवले. वायर गुंडाळायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. ते असे काही सांगतील याची मला वाटते कांताबाईंनाही अपेक्षा नव्हती.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘मले आयकू येत नाही. म्हणजे तुमचं बोलणं येते. छताचं येत नाही. चार-पाच वर्षं झाली. बोटंबी गेली. आयकते ते ही.’ त्यांनी बायकोकडे बोट दाखवले नाही, नुसती मान वळवली. ‘आजवर हिनं म्हणलं अन् मी हाललो नाही, असं झालं नाही. आज साहेबांकडे पाह्यलं अन् वाटलं, अथीच व्हाले पाह्यजे. छताले आपलं वाटणं समजत नाही. तुमाले दुसरा माणूस पाहाचा असंल तर पाहा. मी हे बारीक भोक बुजून देतो.’

सुनीतीताई मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि माणसे आपली चूक कशी कबूल करतात, किंवा करत नाहीत, हे त्यांनी टेबलाच्या पलीकडून तीस वर्षे पाहिले होते. त्या पाटाकडे गेल्या, नवऱ्याच्या खांद्यावरची भुकटी झटकली आणि मागे वळून विचारले, ‘कांताबाई, तुमचा गॅस खरंच बंद आहे ना?’

कांताबाईंनी तोंडाला पदर लावला. ‘सकाळीच केलता, ताई. मीच केलता.’

‘मग तुम्ही सांगा कुठे पाडायचं. पूर्ण छत ऐका. वेळ लागू द्या.’

‘मी सांगू?’ कांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिले.

‘सांग ना,’ किसनराव म्हणाले. ‘आता कायची चोरी?’

पुढचे दोन तास त्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पंखा बंदच होता. सुनीतीताईंनी दारे-खिडक्याही लावून घेतल्या. किसनराव शिडीवरून वीतभर अंतरावर सळई ठोकत गेले आणि कांताबाई डोळे मिटून, खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत राहिल्या. ‘घट्ट.’ ‘घट्ट.’ ‘थांबा, अजून एकडाव.’ ‘पोकळ.’ पोकळ जागांवर किसनराव खडूने रेघ ओढत. शेवटी छतावर खिडकीच्या बाजूने परातीएवढा एक वेडावाकडा आकार तयार झाला. एक नकाशाच म्हणायचा. त्याच्या बाहेरचे सगळे छत खणखणीत होते.

‘ह्या परातीपासून वीतभर लांब राहू,’ कांताबाई म्हणाल्या. ‘बंगई सैपाकघराकडे सरकवा.’

फुल्या चौदा इंच सरकल्या. खिडकी आता बरोबर समोर येणार नव्हती, थोडी डावीकडे राहणार होती. सुनीतीताईंनी एकदा खिडकीकडे पाहिले आणि मान हलवली.

प्रत्येक जागी आधी बारीक भोक आरपार काढले गेले, म्हणजे गच्चीवर त्याची नेमकी जागा कळते. तिसऱ्या भोकात बिट एकदम किणकिणला आणि वाटीत चकचकीत कण आले. आत लोखंडाची सळई होती. किसनरावांनी लगेच हात आवरला. स्लॅबमधली सळई कापायची नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. ते दीड इंच बाजूला गेले. मग आम्ही गच्चीवर गेलो. त्यांनी तिथला कोबा छिन्नीने वीतभर चौकोनात उकरून स्लॅब उघडी केली. रुंद भोक अर्धे वरून, अर्धे खालून पाडले. एकाच बाजूने आरपार गेले की दुसऱ्या बाजूचे काँक्रीट खपलीसारखे उडते. पातळ मसाल्यावर सहा इंची जाड प्लेट बसवली, खालून कडीचा दांडा आला, नट कसला, त्यावर दुसरा नट. ‘पह्यला सैल व्हाले लागला तर दुसरा त्याले अडवते,’ असे म्हणून त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि मला शेवटचा अर्धा फेरा फिरवू दिला. पावसाळ्यात पाणी उतरू नये म्हणून चारही प्लेटा न आकसणाऱ्या मसाल्यात बुडवून वर जलरोधक लेप देण्यात आला.

‘मंग साहेब, आज नाही,’ खाली आल्यावर किसनराव पाटाजवळ उकिडवे बसून यज्ञेश्वररावांना म्हणाले. ‘शब्द मोडला. मसाला वाळू द्या.’ यज्ञेश्वररावांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांतली भुकटी बोटांवर घेऊन निरखून पाहिली.

ते दोघे आठव्या दिवशी आले. रेतीची आठ पोती, पन्नास-पन्नास किलोंची, बंगईच्या पाटावर रचण्यात आली. रिकामी बंगई सत्तर किलोंची होती. दोन माणसे बसली आणि झोका घेतला तर कड्यांना जेवढा ताण बसेल त्याच्याइतके हे वजन होते. सकाळी टांगले ते दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवले. कड्यांभोवती खडूने काढलेली वर्तुळे जशीच्या तशी राहिली. एक केसभरही चीर नव्हती. तरी कांताबाईंनी पोती उतरवून पुन्हा सगळे वाजवायला लावले, आणि गॅसचा विषय निघाला नाही.

‘आता पहिले तुम्ही दोघं बसा,’ सुनीतीताई म्हणाल्या.

‘आमी कायले?’ कांताबाई संकोचल्या. ‘इतक्या बंगया टांगल्या, पण बसलो नाही कवा. दुसऱ्याच्या घरची वस्तू.’

‘बस,’ किसनराव म्हणाले. ‘खाणीत बोल्ट मारणाराच पह्यले त्याच्याखाली उभा राह्यते.’

ते बसले. मध्ये हातभर अंतर ठेवून, लग्नाच्या फोटोत बसावे तसे. किसनरावांनी पायाने रेटा दिला आणि बंगई आवाज न करता मागे गेली, पुढे आली. कांताबाईंचे लक्ष अजूनही वरच होते.

‘खाली पाह्य ना,’ किसनराव म्हणाले.

‘पाह्यतो. थांबा,’ असे म्हणून त्यांनी अजून दोन झोके ऐकले आणि मग मान खाली केली.

यज्ञेश्वरराव खुर्चीवरून उठून येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले होते. दोघे घाईने उठले. यज्ञेश्वररावांनी आधी वर पाहिले, पितळी साखळी हाताने चाचपली, आणि बसले. पायाच्या अंगठ्यांनी फरशीला रेटा दिला, न हलणाऱ्या पाटावर बसून रोज देत तसाच. बंगई हलली. त्यांनी चटकन दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. तोंडावर आश्चर्य नव्हते. बराच वेळ अडून बसलेली गाडी निघावी तसे काहीसे होते. सुनीतीताई वरण-भाताची वाटी घेऊन शेजारी बसल्या. चौथ्या की पाचव्या झोक्याला यज्ञेश्वररावांनी स्वतः हात पुढे केला.

तीन घासांनंतर ते थांबले. डावीकडे मान वळवून त्यांनी बराच वेळ पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजलेला माणूस तो.

‘खिडकी सरकली,’ ते म्हणाले.

‘हो,’ सुनीतीताई म्हणाल्या. ‘चौदा इंच.’

त्यांनी मान हलवली, जणू नोंद घेतली, आणि पुढचा घास घेतला. मागे दाराशी किसनराव वायर गुंडाळत होते. ‘काय म्हणले साहेब?’ त्यांनी बायकोला विचारले. कांताबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले. सांगायला त्यांना एका वाक्याहून बराच जास्त वेळ लागला.

त्या खडूच्या परातीची जागा नंतर सुनीतीताईंनी इंजिनियरला दाखवून सिमेंटने भरून घेतली. यज्ञेश्वरराव पुण्याला गेले नाहीत; पुढची पावणेदोन वर्षे ते त्या बंगईवरच जेवले. किसनराव मात्र त्या रविवारनंतर कोणत्याही घरात शिरताना आधीच सांगू लागले, ‘भोक मी पाडतो, आयकते ही.’ एकदा मी त्यांना विचारले, लोक काही म्हणत नाहीत का? ते म्हणाले, ‘पह्यले लोक मले पाणी विचारत. आता हिले खुर्ची देतात.’

वणीच्या आरोग्य शिबिरात ८ मे २०२४ रोजी किसनरावांना श्रवणयंत्र मिळाले. कामावर जाताना ते घरी ठेवून जातात.